विधान खरे, कारण खरे. दुवा कुठे आहे?

‘उष्णता’ या घटकावरील विधान-कारण प्रश्नसंचाची प्रस्तावना

विधान: तांबे आणि पाणी यांच्या समान वस्तुमानांना समान उष्णता दिली, तर तांब्याचे तापमान जास्त वाढते.
कारण: तांबे हे पाण्यापेक्षा उष्णतेचे अधिक चांगले वाहक आहे.

दहावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला, की पहिला वर गेलेला हात बहुधा एकच उत्तर देतो: दोन्ही बरोबर, आणि कारणातून विधानाचे स्पष्टीकरण मिळते. विधान बरोबर आहेच. कारणही बरोबर आहे. तरी उत्तर चुकलेले असते. तापमान किती चढेल हे ठरवते ती विशिष्ट उष्माधारकता. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला एक कॅलरी लागते, एक ग्रॅम तांब्याला सुमारे ०.०९ कॅलरी पुरते. म्हणून तेवढ्याच उष्णतेत तांब्याचे तापमान पाण्यापेक्षा दहा-अकरा पट चढते. वाहकतेचे काम वेगळे. दिलेली उष्णता त्या तुकड्यात किती झपाट्याने पसरेल एवढेच ती सांगते.

चुकलेल्या त्या मुलाला वाहकता माहीत होती आणि तापमान जास्त वाढते हेही माहीत होते. त्याच्याकडे नव्हता तो या दोन गोष्टींमधला दुवा. ‘तांबे उष्णतेचे सुवाहक आहे, चूक की बरोबर?’ असे विचारले असते तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते, आणि त्याचा गोंधळ शिक्षकाला कधीच दिसला नसता. विधान-कारण प्रश्न शोधतो तो नेमका हा गोंधळ. पण त्यासाठी प्रश्न नीट बेतलेला असावा लागतो. कसाबसा जुळवलेला विधान-कारण प्रश्न साध्या बहुपर्यायी प्रश्नापेक्षाही वाईट ठरतो, कारण त्यात हुशार मुलेच जास्त अडकतात.

प्रश्नाचा साचा आता बहुतेकांच्या ओळखीचा आहे. सीबीएसईच्या दहावीच्या विज्ञानाच्या पत्रिकेत अलीकडच्या वर्षांत असे प्रश्न एकेका गुणाला नेमाने येतात. नीटमध्येही ते येतात, आणि तिथे बरोबर उत्तराला चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. वरच्या विधान-कारणाच्या जोडीखाली चार ठरलेले पर्याय असतात. अ: दोन्ही बरोबर, आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण आहे. ब: दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण नाही. क: विधान बरोबर, कारण चूक. ड: विधान चूक, कारण बरोबर.

या चार पर्यायांतच एक छिद्र आहे, आणि प्रश्न लिहायला बसण्याआधी ते पाहून ठेवावे. ‘दोन्ही चूक’ हा पर्याय इथे नाही. त्यामुळे विधान चूक आहे एवढे ज्याला कळले, त्याचे उत्तर ‘ड’च असणार, कारण वाचायचीही त्याला गरज नाही. तसेच कारण चूक आहे हे कळले की उत्तर ‘क’, मग विधान न वाचले तरी चालते. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर क किंवा ड आहे तो प्रत्यक्षात एकाच वाक्याची परीक्षा घेतो आणि साध्या ‘चूक की बरोबर’च्या पलीकडे जात नाही. दुव्याची परीक्षा फक्त अ आणि ब यांमध्ये होते. काही संचांत पाचवा पर्याय म्हणून ‘दोन्ही चूक’ घालतात. त्याने हे छिद्र बरेच बुजते, आणि शाळेच्या स्वतःच्या घटक चाचणीत तो घालायला कोणाची आडकाठी नसते. बोर्डाच्या धर्तीवर चारच पर्याय ठेवायचे असतील, तर निदान निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरे अ आणि ब यांत विभागलेली असावीत, आणि त्यांत ब पुरेशा संख्येने असावा. अनेक तयार संचांत उत्तरसूची पाहिली तर अ, अ, अ, क, अ अशी रांग दिसते. मुलांना ती रांग दोन चाचण्यांत पाठ होते.

महाराष्ट्र बोर्डाच्या शाळांतील शिक्षकांच्या हाती या कामाचे एक चांगले भांडवल आधीच आहे. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. त्याचे आदर्श उत्तर म्हणजे तीन-चार वाक्यांची साखळी असते, आणि विधान-कारण प्रश्न त्या साखळीतून तयार होतो. मात्र साखळीतले पहिले आणि शेवटचे वाक्य उचलून एकाखाली एक मांडले की काम झाले, असे होत नाही. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

घटना घेऊ ती वाफेने पोळण्याची. विधान असे: ‘१०० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यापेक्षा त्याच तापमानाच्या, तेवढ्याच वस्तुमानाच्या वाफेने त्वचा अधिक पोळते.’ यामागचा हिशेब प्रश्नकर्त्याने आधी कागदावर मांडावा. एक ग्रॅम उकळते पाणी त्वचेवर पडून ३७ अंशांपर्यंत निवले तर ते ६३ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ आधी पाण्यात रूपांतरित होते आणि त्यात सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात. पुढे ते पाणी निवताना आणखी ६३. एकूण सुमारे ६०३ कॅलरी, म्हणजे साडेनऊ पट. हा हिशेब समोर असला की कारण कशावर टेकले पाहिजे ते स्पष्ट होते.

आता या एकाच विधानाखाली तीन वेगवेगळी कारणे लिहून पाहावीत. ‘वाफेचे पाण्यात रूपांतर होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो’ असे लिहिले तर उत्तर अ. ‘पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान अनेक पटींनी वाढते’ असे लिहिले तर उत्तर ब: वाक्य खरे आहे, ते वाफेबद्दलच आहे, पण पोळण्याचा खुलासा त्यातून होत नाही. ‘पाणी उघड्या भांड्यात उकळत असताना त्यातून निघणाऱ्या वाफेचे तापमान पाण्यापेक्षा जास्त असते’ असे लिहिले तर उत्तर क. हे तिसरे वाक्य मुद्दाम निवडलेले आहे, कारण अनेक मुलांना ते मनापासून खरे वाटते. चुकीचे कारण असे मुलांच्या डोक्यातूनच उचलावे. ‘वाफ ही घनरूप असते’ असले कारण कोणालाच चकवत नाही आणि मुलांबद्दल काही सांगतही नाही.

उत्तर ड हवे असेल तर विधानच बदलावे लागते. ‘उघड्या भांड्यात पाणी उकळू लागल्यावर आच वाढवली, तर पाण्याचे तापमान वाढते’ हे विधान चूक आहे, पण घराघरांतून तसेच समजले जाते. त्याखाली ‘उकळत्या पाण्याला दिलेली उष्णता अवस्थांतरासाठी वापरली जाते’ हे बरोबर कारण ठेवले, की कारणच विधानाला खोडून काढते. विचार करणारे मूल तिथे थांबते. असा ड-प्रश्न मघाच्या छिद्रातूनही बराच वाचतो, कारण विधान चूक आहे हे उमगायला मुलाला बहुधा कारणाचीच मदत घ्यावी लागते.

अ की ब, हे प्रश्नकर्त्याने स्वतः ठरवायचे कसे? त्यासाठी एक कसोटी उपयोगी पडते: हे कारण नसते, तर विधान टिकले असते का? तांब्याची वाहकता उद्या पाण्याइतकीच कमी झाली असे धरू. तरी समान उष्णतेत त्याचे तापमान पाण्यापेक्षा जास्तच चढेल, फक्त सावकाश. विधान टिकले, म्हणजे कारण स्पष्टीकरण नव्हे, उत्तर ब. वाफेचा अप्रकट उष्मा शून्य असता, तर वाफ आणि पाणी सारखेच पोळले असते. विधान कोसळले, म्हणजे उत्तर अ. ही कसोटी लावताना जो प्रश्न ‘टिकेलही, न टिकेलही’ अशा जागी अडकतो, तो प्रश्न अजून तयार झालेला नाही असे समजावे.

आता चुकांकडे. या संचासाठी प्रश्न तपासताना ज्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांतल्या पाच इथे सविस्तर घेतल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे घटनेला नुसते नाव देऊन ते कारण म्हणून खपवणे. ‘विधान: ० ते ४ अंशांदरम्यान पाणी तापवले तर ते आकुंचन पावते. कारण: पाण्याचे आचरण असंगत असते.’ तयार उत्तरसूचीत याचे उत्तर सर्रास ‘अ’ दिलेले असते. पण असंगत आचरण म्हणजे काय, तर ० ते ४ अंशांदरम्यान पाणी तापवल्यावर आकुंचन पावणे. कारणाने विधानच दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितले. आकुंचनाचे खरे कारण पाण्याच्या रेणूंच्या रचनेत आहे: बर्फातली हायड्रोजन बंधांची पोकळ रचना थंड पाण्यातही काही प्रमाणात उरलेली असते, आणि तापवताना ती ढासळून रेणू जवळ येतात. दहावीच्या घटकात एवढ्या खोलात जायचे नसते. मग प्रश्नाची दिशाच उलटवावी. असंगत आचरण ज्याचे कारण आहे अशी घटना विधानात घ्यावी आणि ते आचरण स्पष्ट शब्दांत कारणात मांडावे. होपच्या उपकरणाचा प्रयोग पुस्तकात आहेच. उभ्या नळकांड्याच्या मध्यभागी गोठणमिश्रण ठेवले, की आधी तळचा तापमापी ४ अंशांवर येऊन थांबतो आणि त्यानंतर वरच्या तापमापीचा पारा शून्याकडे सरकतो. ‘तळचा तापमापी आधी ४ अंशांवर येऊन थांबतो’ हे विधान आणि ‘पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते’ हे कारण घेतले, तर जोडी खणखणीत होते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे: पुराव्याला कारण समजणे. ‘विधान: पहाटे गवताजवळची हवा दवबिंदू तापमानापर्यंत थंड झाली होती. कारण: गवताच्या पात्यांवर दवाचे थेंब जमलेले दिसले.’ दोन्ही वाक्ये खरी धरू. थेंब पाहून हवा दवबिंदूपर्यंत पोचली होती असा निष्कर्ष आपण काढतो, हेही ठीक. पण थेंब जमल्यामुळे हवा थंड झाली नाही. हवा थंड झाली म्हणून थेंब जमले. बोलताना ‘पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे’ असे आपण सहज म्हणतो आणि त्या बोलण्यात काही वावगे नसते. विज्ञानाच्या प्रश्नात मात्र कारण म्हणजे घटना घडवणारी गोष्ट हवी. इथे योग्य उत्तर ब आहे, आणि उत्तरसूचीत अ लिहिले असेल तर कार्यकारणाची दिशा ओळखणाऱ्या मुलाचाच गुण कापला जातो. दोन वाक्यांची अदलाबदल केली की प्रश्न दुरुस्त होतो.

तिसरी चूक म्हणजे अर्धे कारण. उष्णतेच्या घटकात तिचे ठरलेले उदाहरण गोठलेल्या तळ्याचे. ‘विधान: कडाक्याच्या थंडीत तळ्याचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी मासे जिवंत राहतात. कारण: बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी असते.’ बर्फ हलका म्हणून तो वर तरंगतो आणि खालच्या पाण्यावर दुलईसारखा पसरतो, हे खरे. पण तळाशी ४ अंशांचे पाणी साचून राहते याचा खुलासा त्यातून होत नाही. त्यासाठी पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते हे सांगावे लागते. शिवाय बर्फ उष्णतेचा मंद वाहक आहे, ही तिसरी गोष्टही पाणी द्रवरूप राहायला हातभार लावते. मग दिलेले कारण हे ‘योग्य स्पष्टीकरण’ आहे की नाही? एक शिक्षक हो म्हणेल, दुसरा नाही म्हणेल, आणि दोघांकडेही मुद्दे असतील. दोष मुलांचा नाही, विधानाचा आहे. एका विधानात माशांचे जगणे, बर्फाचे तरंगणे आणि तळाचे तापमान असे तीन धागे गुंतलेले आहेत. ते सोडवून प्रत्येकाचा वेगळा प्रश्न करावा. ‘बर्फ तळाशी न जाता पृष्ठभागावर राहतो’ याला घनतेचे कारण पुरेसे आहे, आणि ‘गोठलेल्या तळ्याच्या तळाशी पाण्याचे तापमान ४ अंशांच्या आसपास असते’ याला ४ अंशांच्या घनतेचे.

चौथी चूक अटी गाळण्याची. ‘पाणी १०० अंशांना उकळते’ हे वाक्य कारण म्हणून कितीतरी प्रश्नांत येते. समुद्रसपाटीवर ते बरोबर आहे. महाबळेश्वरची उंची सुमारे १३५० मीटर. तिथे पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळते. प्रेशर कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. वाफेच्या प्रश्नात म्हणूनच ‘१०० अंश’, ‘तेवढ्याच वस्तुमानाच्या’ आणि ‘उघड्या भांड्यात’ हे शब्द जपून घातले आहेत. ते काढून ‘वाफेने पाण्यापेक्षा जास्त पोळते’ एवढेच लिहिले, तर एखादे मूल विचारेल की पाणी कोणत्या तापमानाचे आणि वाफ किती. ज्या मुलाला उंची आणि दाब यांचा उत्कलनांकावर होणारा परिणाम माहीत आहे, त्याला अशा प्रश्नात कारण चूक ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे.

पाचव्या चुकीत प्रश्नकर्त्याची भाषा निर्दोष असते, पण त्याने विश्वासाने उचललेले कारणच डळमळीत असते. ‘विधान: स्केटिंग करणारा माणूस बर्फावरून सहज घसरत जातो. कारण: स्केटच्या पात्याच्या दाबाने बर्फाचा द्रवणांक कमी होऊन तो वितळतो.’ पुनर्हिमायनाच्या जोडीला हे उदाहरण अनेक जुन्या पुस्तकांत दिलेले असते आणि उत्तर ‘अ’ धरले जाते. आकडे घालून पाहू. दाब एका वातावरणाने वाढला की बर्फाचा द्रवणांक साधारण ०.००७४ अंशानेच उतरतो. म्हणजे तो एका अंशाने उतरवायला जवळजवळ १३५ वातावरणांचा दाब लागेल. साठ किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे आणि पात्याचे सुमारे सहा चौरस सेंटिमीटर क्षेत्र बर्फाला टेकलेले आहे असे धरले, तर दाब भरतो दहा वातावरणांच्या आसपास. द्रवणांक उतरला तो एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. माणसे तर उणे दहा अंशांच्या बर्फावरही मजेत स्केटिंग करतात. आज या निसरडेपणाचा खुलासा दोन गोष्टींनी केला जातो: पाते घासल्याने निर्माण होणारी उष्णता, आणि बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही असणारा द्रवासारखा पातळ थर. अशा थराची कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच मांडली होती.

मग पुनर्हिमायन खोटे का? मुळीच नाही. बर्फाच्या लादीवर दोन्ही टोकांना वजने बांधलेली तार ठेवली तर ती बर्फातून उतरत जाते आणि तिच्या मागे बर्फ पुन्हा एकसंध होतो, हा प्रयोग शाळेतही होतो. तिथला बर्फ शून्य अंशांच्या जवळ असतो आणि बारीक तारेखाली दाब खूप असतो. तिथेही तांब्याची तार नायलॉनच्या दोऱ्यापेक्षा भराभर उतरते, म्हणजे खोलीतली उष्णता तारेतून आत येते तिचाही वाटा असतो. दाबाने द्रवणांक कमी होतो हे खरे. स्केटिंगचे ते पुरेसे कारण आहे हे टिकत नाही. प्रश्नकर्त्याने म्हणूनच कारणात कुठे ‘कमी’ किंवा ‘जास्त’ हा शब्द आला, की किती कमी, किती जास्त हे एकदा मांडून पाहावे. पुनर्हिमायनाचे प्रश्न या संचात तारेच्या प्रयोगापुरतेच ठेवले आहेत.

भाषेच्या चुका थोडक्यात सांगता येतील. कारणाचे वाक्य एकटे वाचले तरी त्याचे खरे-खोटे ठरवता आले पाहिजे, म्हणून त्यात ‘त्यामुळे’ किंवा ‘त्याचा’ असे विधानाकडे बोट दाखवणारे शब्द नकोत. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ हे शब्द दिसले की मुले डोळे मिटून वाक्य चूक ठरवतात आणि बहुधा त्यांचा अंदाज बरोबर निघतो. दोन नकार एका वाक्यात आले तर परीक्षा विज्ञानाची न राहता वाचनाची होते. आणि एका कारणात दोन दावे नकोत: एक खरा व दुसरा खोटा निघाला, तर मुलाने काय लिहायचे?

आता तपासणीकडे. बोर्डाच्या धर्तीवर एक गुण आणि एक पर्याय एवढेच असेल, तर तपासायला एक क्षण पुरतो. पण त्या क्षणात शिक्षकाला फार थोडे कळते. ज्याला दोन्ही वाक्ये खरी आहेत एवढेच कळले आहे, त्याच्यापुढे अ आणि ब उरतात आणि नाणेफेक करून त्याला निम्म्या वेळा गुण मिळतो. शाळेच्या घटक चाचणीत म्हणून हाच प्रश्न तीन गुणांचा करावा: विधानाच्या खरे-खोटेपणाला एक, कारणाच्या खरे-खोटेपणाला एक, आणि दुव्याबद्दल लिहिलेल्या एका वाक्याला एक.

त्या एका वाक्याची तपासणी नीट ठरवून घ्यावी लागते. तांब्याच्या प्रश्नात एखादे मूल लिहील, ‘वाहकतेवर तापमान किती वाढेल हे ठरत नाही, ते विशिष्ट उष्माधारकतेवर ठरते.’ पूर्ण गुण. दुसरे लिहील, ‘तांब्याला तापायला कमी उष्णता लागते म्हणून, सुवाहक आहे म्हणून नाही.’ यात पारिभाषिक शब्द नाही, पण दुवा अचूक पकडलेला आहे. यालाही पूर्ण गुण. तिसरे नुसते लिहील, ‘कारणाचा विधानाशी संबंध नाही.’ याला गुण नाही, कारण खरा संबंध कशाशी आहे ते त्याने सांगितलेले नाही आणि ब पर्यायाचे शब्दच फिरवून लिहिले आहेत. चौथ्याने कारणच चूक ठरवले असेल तर दुव्याचा प्रश्न उरत नाही. विधानाचा एक गुण देऊन पुढे जावे. हे चार नमुने उत्तरसूचीतच लिहून ठेवले, तर दोन शिक्षकांनी तपासलेल्या गुणांत तफावत पडत नाही.

तपासणीचा दुसरा अर्धा भाग प्रश्नाची तपासणी करण्याचा. समजा चाळीस मुलांच्या वर्गात तळ्याचा तो प्रश्न उत्तर ‘अ’ धरून दिला. एकूण गुणांनुसार पेपर उतरत्या क्रमाने लावले आणि वरचे व खालचे २७ टक्के, म्हणजे अकरा-अकरा पेपर बाजूला काढले. या २७ टक्क्यांचा आधार ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये मांडला आणि प्रश्न-विश्लेषणात तो आजही वापरतात. वरच्या अकरांपैकी चौघांनी ‘अ’ आणि सात जणांनी ‘ब’ लिहिले. खालच्या अकरांपैकी आठ जणांनी ‘अ’, दोघांनी ‘ब’ आणि एकाने ‘क’ लिहिले. भेदन निर्देशांक काढायचा तर चारातून आठ वजा करून अकराने भागायचे: उणे ०.३६. म्हणजे ज्या मुलांना एकूण घटक चांगला येतो, तीच या प्रश्नात जास्त चुकली. असा उणे आकडा आला की मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची पाहावी. इथे वरच्या सात मुलांना कारण अपुरे वाटले, आणि ते खरोखरच अपुरे होते.

अशा वेळी उत्तर गुपचूप ‘अ’चे ‘ब’ करून टाकू नये, कारण मग ‘अ’ लिहिणाऱ्यांवर तसाच अन्याय होतो. दोन्ही उत्तरे मान्य करावीत किंवा तो प्रश्न सर्वांसाठी रद्द करून एकूण गुण नव्याने मोजावेत, आणि प्रश्न सुटसुटीत करून पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा. तांब्याच्या प्रश्नात मात्र बहुतेक मुलांनी ‘अ’ लिहिले आणि वरच्या गटाने ‘ब’, असे दिसले तर प्रश्न जसा हवा तसाच चालला आहे. तिथे दुरुस्ती करायची ती शिकवण्यात. समान वस्तुमानाची धातूची गोळी आणि पाणी घेऊन मिश्रणाचा प्रयोग पुन्हा करून दाखवला आणि वाहकता व उष्माधारकता ही दोन नावे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली, तर तो गोंधळ बराच निवळतो.

पुढील पानांत हा संच विशिष्ट उष्माधारकता, अप्रकट उष्मा व पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण, आणि आर्द्रता व दवबिंदू अशा चार भागांत विभागला आहे. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर आहे, ‘हे कारण नसते तर?’ या कसोटीचे एका वाक्यातले उत्तर आहे, आणि चुकलेला प्रत्येक पर्याय मुलाचा कोणता समज उघड करतो त्याची नोंद आहे. प्रश्न क्रमाने देण्याची गरज नाही. मात्र एकाच विधानाची वेगवेगळ्या कारणांसह केलेली रूपे एकाच पत्रिकेत देऊ नयेत, कारण एका रूपातून दुसऱ्याचे उत्तर मिळते. ती वेगवेगळ्या तुकड्यांना किंवा वेगवेगळ्या चाचण्यांना वापरावीत. प्रत्येक पानाच्या उजवीकडे कोरी जागा सोडली आहे. त्या प्रश्नाला वर्गात अ, ब, क, ड किती आले ते तिथे नोंदवावे, आणि जिथे वरच्या गटाने उत्तरसूचीला विरोध केला असेल तिथे त्या मुलांनी लिहिलेले वाक्य शब्दशः उतरवून ठेवावे. पुढच्या आवृत्तीतला प्रश्न त्या वाक्यावरूनच दुरुस्त करता येईल.